चकल्यांचा हिशेब किलोत नव्हे, तासांत मांडावा

वाचकाचे पत्र

मी मुलुंड पूर्वेला वन बीएचकेमध्ये राहते. चार वर्षे घरगुती चकल्या आणि भाजणी विकते. एरवी महिन्याला पंधरा किलो चकल्या जातात, पण गेल्या दिवाळीत पंचेचाळीस किलो केल्यावर मी हात टेकले आणि पुढच्या ऑर्डरींना नाही म्हणावे लागले. धुराने सासूबाईंचा खोकला वाढला, आणि चकल्या पसरायला पलंगसुद्धा वापरून झाला. यंदा एकशेवीस किलोंची मागणी दिसते आहे; त्यातल्या पस्तीस किलो परदेशी पार्सलच्या आहेत. भांडुपला एका गाळ्यात भाड्याचे किचन मिळते आहे : तासाला 450 रुपये, एका वेळी किमान चार तास, अनामत 15,000. दुसरीकडे एका फॅब्रिकेटरने घरातच भट्टी, स्टीलचे टेबल आणि धुराडे बसवून देण्याचे 1,75,000 सांगितले आहेत. चकली 640 रुपये किलोने विकते; सामान आणि पॅकिंगला साधारण 300 लागतात. कोणता मार्ग धरू?

— एक वाचक, मुलुंड

उत्तर

ताई, फॅब्रिकेटरला तूर्त नाही कळवा, आणि भांडुपच्या किचनला होय म्हणण्यापूर्वी एक दिवस घड्याळ हातात घेऊन तिथे काम करून बघा. असे का म्हणते ते सांगते. दादरला माझा स्वतःचा फराळाचा व्यवसाय होता तेव्हा मीसुद्धा भाडे आणि सामानाची किंमत एवढ्याच दोन आकड्यांची तुलना करत बसले होते, आणि त्यात माझा एक अख्खा हंगाम गेला.

आधी घरचा वेग पाहू. घरच्या मध्यम कढईत एका वेळी सहा-सात चकल्या नीट तळल्या जातात आणि एका घाण्याला सहा-सात मिनिटे लागतात. म्हणजे तासाला साधारण साठ चकल्या, आणि तळलेली चकली वीस ग्रॅमची धरली तर सव्वा किलोच्या आत-बाहेर. यापेक्षा जास्त चकल्या कढईत सोडल्या तर वेग वाढत नाही, उलट माल बिघडतो. त्याचे कारण शेगडीत आहे. चकली तळणे म्हणजे मुख्यतः तिच्यातले पाणी उडवणे. तीस ग्रॅमच्या कच्च्या चकलीत तेरा-चौदा ग्रॅम पाणी असते, आणि ते वाफ होऊन जायला बरीच उष्णता लागते. घरच्या शेगडीच्या ज्योतीतली निम्मी उष्णता कढईच्या बाजूने निसटून स्वयंपाकघरात जाते. जेवढी तेलात पोहोचते तेवढ्यावर सात चकल्या निभावतात, पंधरा निभावत नाहीत. तेल 170-180 अंशांवरून झपाट्याने खाली येते, बुडबुडे मंदावतात, आणि चकली तळली जाण्याऐवजी तेलात पडून राहते. कागदावर काढल्यावर खाली तेलाचे गोल डाग पसरू लागले आणि मोडल्यावर आतला वेढा चिवट लागला, तर घाणा जास्त भरला होता असे समजावे. भाजणीला दोष देऊ नये.

गाळ्यातल्या भट्टीचे बर्नर मोठ्या दाबाचे असतात, त्यामुळे आठ लिटर तेलाच्या कढईत तीस चकल्या एकदम सोडल्या तरी तेल सावरते. मात्र सगळ्या गाळ्यांत ज्योत सारखी नसते. एकाच सिलिंडरवर चार बर्नर ओढलेले असतात, किंवा जाळ्या काजळीने बुजलेल्या असतात, आणि ते बघायला गेल्यावर कळत नाही, कारण त्या वेळी दुसरे कोणी काम करत नसते. म्हणून पाहायला जाताना एक पातेले घेऊन जा, त्यात पाच लिटर साधे पाणी घाला, झाकण न ठेवता तापवा आणि वेळ मोजा. घरच्या मोठ्या बर्नरवर त्याला खळखळ उकळी यायला अठरा-वीस मिनिटे लागतात. तिथे सात-आठ मिनिटांत आली पाहिजे. बारा मिनिटे लागली तर तुम्ही भाडे गाळ्याचे देणार आणि काम घरच्या शेगडीच्या वेगाने करणार. हा प्रयोग शेजारच्या बर्नरवर कोणी तळत असताना करता आला तर फारच उत्तम.

आता चार तासांच्या पाळीचा हिशेब. चार तास म्हणजे 240 मिनिटे, पण ती सगळी तळणाची नव्हेत. सामान आत आणणे, ओटा आपल्या फडक्याने पुन्हा पुसणे, तेल तापवणे यांत पंचवीस मिनिटे जातात. शेवटचा घाणा काढल्यावर चकल्या पूर्ण गार व्हायला पन्नास मिनिटे हवीत. कढई, परात, जमीन यांची सफाई त्या वेळात उरकते. उरली 165 मिनिटे. एका घाण्याला तेल पुन्हा तापण्यासकट नऊ मिनिटे धरली तर अठरा घाणे, म्हणजे 540 चकल्या. तुटलेल्या वगळल्या तर दहा किलो माल. एवढ्या चकल्या पाडायला दर अठरा सेकंदांना एक वेढा पुरा व्हायला हवा, म्हणजे एक व्यक्ती सोऱ्यावरून उठूच शकत नाही आणि तळायला दुसरी लागते.

दहा किलोंवर भाडे 1,800 रुपये, म्हणजे किलोला 180. मदतनीस बाईंना चार तासांचे 400 दिले तर किलोला आणखी 40, आणि मुलुंड-भांडुप जाऊन-येऊन टेम्पोचे 600 धरले तर आणखी 60. एकूण 280. तुमच्या 640 मधून सामानाचे 300 वजा जाता 340 उरतात, त्यातले 280 असे गेले तर हातात साठ रुपये राहतात, आणि तेही तुमच्या स्वतःच्या चार तासांचा एक पैसा न धरता. भाड्याच्या किचनमध्ये जाऊन हात पोळून परत आलेल्या बायका बहुतेक याच हिशेबाने परत आलेल्या असतात.

पण भाडे तासाचे आहे, बर्नरचे नव्हे. गाळ्यात दुसरा बर्नर रिकामाच पडलेला असतो. दुसरी कढई लावा, सोऱ्यावर दोघींना बसवा, एकीने दोन्ही कढया सांभाळाव्यात (नऊ मिनिटांचा घाणा असल्यामुळे हे जमते, घाणे एकमेकांच्या मध्ये अर्ध्या अंतराने सोडावेत), आणि तुम्ही स्वतः पीठ भिजवणे, मळणे, चकल्या पसरणे एवढेच करावे. त्याच चार तासांत वीस किलो होतात. भाडे किलोला 90, तीन मदतनिसांचे 60, टेम्पोचे 30. एकूण 180, आणि हातात 160 राहतात. घरच्या चकलीपेक्षा ते कमीच आहेत, पण गेल्या वर्षी ज्या ऑर्डरी तुम्ही परत पाठवल्या त्यांच्यावरचे हे पैसे आहेत. तीन खात्रीचे हात मिळणार नसतील तर भाड्याने जाऊ नये, इतके मी स्पष्ट म्हणेन.

पाळी चारऐवजी आठ तासांची घ्यावी का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. सुरुवातीची आणि शेवटची मिनिटे एकदाच जातात, म्हणून किलोमागे थोडे वाचते, पण जेवणाची सुट्टी आणि दुपारनंतर सोऱ्यावरच्या हातांचा मंदावलेला वेग यांत ते बहुतेक परत जाते. मी दोन्ही करून पाहिले आहे, आणि चार तासांची भरगच्च पाळी मला अधिक मानवली.

गार करण्याच्या पन्नास मिनिटांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझी चूक तिथेच झाली. पहिल्या वर्षी मी ज्या गाळ्यात जात असे तिथे माझ्यानंतर संध्याकाळची पाळी कोणाची तरी ठरलेली होती. शेवटचे दोन घाणे काढले आणि दारात पुढच्या मंडळींचे डबे येऊन उभे राहिले. चकल्या हाताला कोमट लागत होत्या. चालेल म्हणून मी त्या भरल्या, पिशव्या सील केल्या आणि घरी आणल्या. तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला, आठवडाभरात अकरा किलो परत आले. चकल्या सादळल्या होत्या. चकलीच्या मधल्या वेढ्यात वाफ अडकून राहते. बाहेरून गार लागली तरी आतून ती निघत असते, आणि पिशवी बंद झाली की तीच वाफ पुन्हा चकलीत मुरते. हे तपासायचा सोपा उपाय असा : पसरलेल्या ढिगाच्या मधल्या पाच-सहा चकल्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे आणि दहा मिनिटे थांबावे. झाकणाला आतून किंचितही धुके धरले तर भरू नये. हे तुम्ही घरीही करत जा; मुंबईच्या हवेत पाऊस संपल्यावरसुद्धा दमटपणा असतोच, त्यामुळे गार झाल्यावर उघड्यावर तासन्‌तास ठेवणेही तितकेच वाईट. चकल्या थरावर थर न रचता चाळणीच्या किंवा जाळीच्या ट्रेवर एकेरी पसरल्या आणि पंख्याखाली ठेवल्या तर वेळ वाचतो. वीस किलोंना एकेरी पसरायला किती जागा लागेल याचा अंदाज गाळा बघताना घ्या. ट्रेची उभी रॅक तिथे नसेल तर बर्नर कितीही चांगले असोत, तुमची पाळी दहा किलोंवरच अडेल.

आता घरात भट्टी बसवण्याविषयी. वर्षाला सहा पाळ्या धरल्या तरी भाडे 10,800 होते, आणि 1,75,000 म्हणजे अशी सोळा वर्षे. पण पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टी जड आहेत. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि पाइपचा घरगुती गॅसही वापरता येत नाही. भट्टीला व्यावसायिक 19 किलोचा सिलिंडर लागतो. तो इमारतीतल्या फ्लॅटच्या बंद स्वयंपाकघरात, सासूबाई शेजारच्या खोलीत झोपलेल्या असताना, मोठ्या दाबाच्या बर्नरला जोडून ठेवणे मला स्वतःला मान्य होणार नाही, आणि सोसायटीलाही होणार नाही. धुराडे बाहेर कुठे सोडणार हाही प्रश्न आहेच. डक्टमध्ये सोडले तर वरच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना तळणाचा वास लागतो आणि महिन्याभरात तक्रारीचा अर्ज होतो. फॅब्रिकेटरच्या कागदावर याची एकही ओळ नसणार, कारण त्याचे काम पत्रा वाकवून देण्यापर्यंतचे असते.

तुमच्या नेहमीच्या पंधरा किलोंसाठी मात्र घरी एक छोटा बदल करावा. 2,000 वॅटची इंडक्शन शेगडी आणि सपाट बुडाची लोखंडी कढई घ्या. इंडक्शनवर उष्णता थेट कढईच्या बुडात तयार होते, बाजूने फारशी वाया जात नाही, त्यामुळे घरच्या गॅसपेक्षा तेलाला अधिक उष्णता मिळते आणि स्वयंपाकघर कमी तापते. एका घाण्यात आठ-नऊ चकल्या टाकता येतात आणि तासाला दीड किलोपर्यंत माल निघतो. तासाला सुमारे दोन युनिट वीज लागेल. ती नऊ अँपिअर ओढते, म्हणून मिक्सरच्या साध्या प्लगला न लावता गीझरसारख्या सोळा अँपिअरच्या प्लगला लावावी, आणि जुनी इमारत असेल तर वायर त्याच जाडीची आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. गोल बुडाची जुनी कढई तिच्यावर चालत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर आजेसासूबाईंची कढई तुम्ही काढून ठेवली असेल. स्वस्त शेगड्या मंद आंचेवर एकसारख्या चालत नाहीत, बंद-चालू होत राहतात, त्यामुळे तेल वर-खाली होते. दोनेकशे रुपयांचा तळणाचा थर्मामीटर कढईला अडकवून ठेवला की ते लक्षात येते. तेलाचा धूर इंडक्शननेही थांबत नाही. खिडकीतला एक्झॉस्ट पंखा लागेलच, आणि सासूबाई सकाळी फिरायला किंवा देवळात जातात ती वेळ तळणाला राखून ठेवा.

या दोन्हींची मिळून यंदाची आखणी मी अशी करीन. परदेशी पार्सलच्या पस्तीस किलो दिवाळीच्या महिनाभर आधी निघायला हव्यात; त्या घरीच, दीड किलो तासाने, दोन आठवड्यांत रोज पावणेदोन-दोन तास तळून होतात. उरलेल्या पंच्याऐंशी किलो मुंबईतल्या आहेत आणि त्या शेवटच्या बारा दिवसांत ताज्या लागतात. त्यासाठी गाळ्यात चार पाळ्या, एकेका पाळीत वीस किलो, आणि राहिलेल्या पाच किलो घरी. पाळ्या एका दिवसाआड ठेवा, म्हणजे मधल्या दिवशी लेबल, वजन आणि वाटप उरकता येते. या दिवसांची तारीख गणपतीतच पक्की करून घ्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तुमच्यासारख्याच दहा जणी त्या गाळ्याच्या मालकाला फोन करत असतात.

कागदपत्रांत एक गोष्ट बहुतेकींच्या लक्षात येत नाही. तुमची एफएसएसएआयची नोंदणी तुमच्या घराच्या पत्त्यावर आहे. ती माणसाबरोबर फिरत नाही, जागेला चिकटलेली असते. भांडुपला तळलेल्या चकलीवर मुलुंडचा चौदा अंकी नंबर छापता येत नाही, आणि गाळ्याच्या मालकाचा परवाना त्याच्या स्वतःच्या धंद्यासाठी असतो, त्यात तुमचा माल आपोआप येत नाही. तिथल्या पत्त्यावर तुमच्या नावाने वेगळी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी मालकाचे संमतिपत्र किंवा भाडेकरार लागतो. अर्ज फॉस्कॉस या पोर्टलवर होतो. मालक संमतिपत्र द्यायला का-कू करू लागला तर तिथेच थांबावे. ज्याचे स्वतःचे कागद सरळ असतात त्याला ते देण्यात अडचण नसते. दिवाळीआधी निदान सहा आठवडे अर्ज करा, आणि दोन पत्त्यांची दोन वेगळी लेबले छापून घ्या. पिशव्या भरताना ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी एकीची कडा लाल आणि दुसरीची हिरवी ठेवत असे.

गाळ्यात तुमच्या आधीच्या पाळीत काय शिजते हेही विचारा. माझ्या आधी एका ठिकाणी कोळंबी तळली जात असे, आणि त्यात गैर काहीच नव्हते, पण माझी गिऱ्हाइके चकली तोंडात घालण्याआधी ‘किचन शाकाहारी आहे ना?’ असे विचारणारी होती आणि मला खोटे बोलायचे नव्हते. तुमच्याकडेही तशीच गिऱ्हाइके असतील. कढई, झारा, सोरे, परात आणि तेल स्वतःचेच न्यावे. तिथल्या कढईतले कालचे तेल ‘चांगले आहे, वापरा’ म्हणून पुढे केले जाते. ते रंगाने गडद दिसत असेल, तापताना लवकर धूर सोडत असेल किंवा चकली पडताच वर दाट फेस धरत असेल तर ते संपलेले तेल आहे, आणि त्यात तळलेली चकली पंधरवड्याच्या आत खवट लागते.

गॅस भाड्यात धरला आहे का, हे करारात लिहून घ्या. वेगळा असेल तर अंदाज सोपा आहे : वीस किलो चकल्यांना दोन-अडीच किलो गॅस पुरतो. पाळीच्या आधी आणि नंतर सिलिंडर काट्यावर ठेवून वजन घेण्याची मुभा मागा. पाच किलोंचे बिल लावले तर गळती किंवा काजळी यांपैकी एक आहे, आणि दोन्हींचे पैसे तुम्ही का भरावेत? वेळ उलटल्यास पुढच्या अर्ध्या तासाचे किती घेतात तेही आधीच विचारून ठेवा, म्हणजे कोमट चकल्या भरायचा मोह होणार नाही.

पहिली पाळी सप्टेंबरमध्ये, दिवाळीच्या घाईत नव्हे, त्याच तीन मदतनिसांना घेऊन करून पाहा. त्या दिवशीच्या चकल्या गणपतीच्या शिल्लक ऑर्डरींत किंवा शेजारपाजारी खपतील. पहिला घाणा किती वाजता पडला, शेवटचा किती वाजता निघाला, आणि बरणीचे झाकण कोरडे राहिले तेव्हा किती वाजले होते, या तीन वेळा वहीत लिहा. शेवटी पॅक झालेला माल काट्यावर सोळा किलोंहून कमी भरला, तर पाण्याच्या चाचणीत गाळा उतरला असला तरी अडचण सोऱ्याची किंवा ट्रेच्या जागेची आहे, आणि चार पाळ्यांची आगाऊ रक्कम भरण्याआधी ती दूर करायला तुमच्या हाती महिना राहील.

भविष्यात आठवड्याला दोन पाळ्या वर्षभर लागू लागल्या, तर भाडेच वर्षाला 1,87,000 च्या पुढे जाईल. तेव्हा स्वतःच्या सामानाचा विचार जरूर करा, पण तो मुलुंडच्या फ्लॅटमध्ये नको. एखादा लहान गाळा वर्षाच्या करारावर घेऊन करा. तोवर फॅब्रिकेटरचा कागद जपून ठेवा, कारण टेबल आणि ट्रेच्या रॅकची मापे तेव्हाही उपयोगी पडतील.